रविवारी पहाटे सहा, राजाराम पूल

शुक्रवारी रात्री पुण्यातल्या शेकडो मोबाइलवर साधारण एकाच धाटणीचा संदेश येतो. गट वेगळे, भाषा थोडी इकडची तिकडची, पण मजकूर असा असतो: ‘रविवारी पहाटे ५.४५ ला राजाराम पुलापाशी जमणे. बरोबर ६ ला निघणार. खडकवासला, डोणजे आणि परत, एकूण साधारण ४० किलोमीटर. सरासरी वेग ताशी १६ ते १८. नो ड्रॉप राइड. हेल्मेट नसेल तर राइड नाही. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवा. जास्तीची एक ट्यूब आणि पाणी सोबत ठेवा. सायकल कोणतीही चालेल. नवे असाल तर जरूर या, फक्त आधी कळवा. डोणज्याला नाश्ता, नऊपर्यंत परत.’

वाचणाऱ्याला त्यातलं ‘जरूर या’ आधी दिसतं आणि नाश्ता नंतर. मधल्या ओळी शाळेच्या सहलीच्या सूचनांसारख्या नजरेआडून जातात. खरं तर सगळी राइड त्या मधल्या ओळींवर चालते. त्यातही वेगाचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त गैरसमज करून देणारा.

‘ताशी १६ ते १८’ हे वाचून नवखा माणूस हसतो. आपण तर उतारावर तीस गाठतो, सपाटीला बावीस-चोवीस सहज जातात, मग हे काय बैलगाडीच्या वेगाने जाणार, असं त्याला वाटतं. घोटाळा सरासरीत आहे. वीस किलोमीटरपैकी पहिले दहा ताशी २४ च्या वेगाने गेलात तर पंचवीस मिनिटं लागतात. उरलेल्या दहात चढ, वारा, गतिरोधक आणि दमलेले पाय यांनी वेग १२ वर आला, तर त्याला पन्नास मिनिटं. एकूण पंचाहत्तर मिनिटांत वीस किलोमीटर, म्हणजे सरासरी १६. अठरा नाही. संथ भागात वेळ जास्त जातो, म्हणून तोच सरासरीला खाली ओढतो. शहरातून बाहेर पडणाऱ्या रस्त्यावर सिग्नल धरून सरासरी अठरा राखायची, तर मोकळ्या सपाटीला वीस-बावीसने सतत चालवावं लागतं आणि ते तासभर चालवणं पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं तितकं सोपं जात नाही.

सायकलच्या जगात नावाजलेली बीआरएम राइड घ्या. दोनशे किलोमीटरचं अंतर साडेतेरा तासांत संपवायचं, हा तिचा नियम. खाणंपिणं, पंक्चर, विश्रांती सगळं त्याच साडेतेरा तासांत. हिशेब केला तर ताशी पंधराच्या आतच येतो. पुण्या-नाशकातले बरेच पट्टीचे सायकलस्वार वर्षानुवर्षं अशाच मुदतींत बसवून दोनशे, तीनशे, सहाशे किलोमीटर करतात. तेव्हा १६ ते १८ हा आकडा कुणालाही कमीपणा आणणारा नाही.

आमंत्रणातला हा आकडा मागच्या माणसासाठी लिहिलेलाच नसतो. तो पुढच्यासाठी असतो. राइडच्या अग्रभागी जो असतो त्याला ‘लीड’ म्हणतात आणि सगळ्यात मागे राहून कुणाला मागे पडू न देणाऱ्याला ‘स्वीप’. लीडने आकडा ओलांडायचा नाही, हा त्यातला करार. मागच्याने आकडा गाठलाच पाहिजे, असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं. ‘नो ड्रॉप’चा अर्थही एवढाच की कुणालाही वाटेत सोडून गट पुढे जाणार नाही. जो सगळ्यात सावकाश, त्याच्या गतीने राइड संपेल. हे कागदावर लिहायला सोपं आणि रस्त्यावर पाळायला अवघड आहे, कारण लीड बहुधा गटातला दमदार माणूस असतो, सकाळची हवा थंड असते, पाय मोकळे झालेले असतात आणि मागे काय चाललंय ते त्याला दिसत नाही.

मागे काय चालतं ते सिंहगड रस्त्यावरच पाहता येईल. दहा जणांचा गट ताशी अठराने चालला आहे. सिग्नल पिवळा होतो, पुढचे पाच निघून जातात, मागचे पाच लाल दिव्याला अडकतात. सिग्नल मिनिटभराचा. ताशी अठरा म्हणजे मिनिटाला तीनशे मीटर. दिवा हिरवा होतो तेव्हा पुढचे तीनशे मीटर लांब गेलेले असतात. लीड आपल्या अठरावरच चालत राहिला, तर मागच्यांना गाठायला बावीसने दामटावं लागतं. दर मिनिटाला अंतर जेमतेम सदुसष्ट मीटरने कमी होतं, म्हणजे साडेचार मिनिटं जोर लावायचा. त्यात तो नवखा असेल तर गाठेपर्यंत त्याला धाप लागते. गाठलं की पुढचे म्हणतात, ‘आले सगळे, चला.’ म्हणजे ज्यांना विश्रांतीची गरज कमी ते सावकाश चालत होते, आणि ज्याला ती हवी होती तो पोहोचताच विश्रांती संपली. असे तीन-चार सिग्नल झाले की धायरी फाट्यापर्यंतच त्याच्या मांड्या भरून येतात. मग तो पुढच्या रविवारी येत नाही. कुणी त्याला सोडून गेलेलं नसतं, तरीही तो सुटलेला असतो.

उपाय साधा आहे. सिग्नल ओलांडल्यावर मागे वळून पाहायचं, गट तुटला असेल तर लीडने वेग बारावर आणायचा. मागच्यांनी आपल्या नेहमीच्या अठराने यायचं. मग मिनिटाला शंभर मीटर अंतर मिटतं आणि तीन मिनिटांत गट जुळतो, कुणीही जास्तीचं पायडल न मारता. चांगला लीड ओळखायची खूणच ही. तो किती जोरात चालवतो ते पाहू नका. सिग्नलनंतर मान वळवतो का, ते पाहा.

नवखा माणूस कुठे चालवतो, हाही प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. आपल्यामुळे कुणाला त्रास नको म्हणून तो आपण होऊन सगळ्यात मागे जाऊन बसतो. आपल्याकडचा हा सभ्यपणा आहे, पण सायकलच्या रांगेत तो महागात पडतो. रांगेत पुढच्याने जरासा ब्रेक लावला की दुसरा थोडा जास्त लावतो, तिसरा त्याहून जास्त, आणि शेवटचा जवळजवळ थांबतो. पुढचा पुन्हा निघाला की शेवटच्याला सगळ्यात मोठी धाव घ्यावी लागते. लीड एकसारख्या वेगात चालत असतो, तेव्हा शेपटाकडचे सारखे थांबत आणि पळत असतात. म्हणजे सगळ्यात कमकुवत माणसाने सगळ्यात कष्टाची जागा धरलेली असते. म्हणून जाणती मंडळी नव्या माणसाला लीडच्या थेट मागे, दुसऱ्या किंवा तिसऱ्या जागी घेतात. तिथे वेग सारखा मिळतो. समोरच्याच्या आडोशाने वाराही कमी लागतो. ताशी अठराला त्याचा फायदा शर्यतीइतका मोठा नसतो, पण धरणाच्या भागात समोरून वारा असला तर तो पायांना चांगलाच कळतो. शिवाय लीडला कुठलंही यंत्र न बघता कानांनी कळतं की मागचा दमला आहे का. नवखा पूर्ण वाक्य बोलू शकत असेल तर वेग ठीक. ‘हो’, ‘नाही’वर आला असेल तर दोन किलोमीटर कमी करायचे.

आमंत्रणात बरेचदा ‘दहा-दहाचे गट करू’ असंही लिहिलेलं असतं. उत्साही लोकांना ते नकोसं वाटतं, कारण तीस जणांनी एका रांगेत निघण्यात शोभा आहे आणि फोटोही झकास येतो. पण मागून येणाऱ्या बसच्या चालकाच्या जागेवरून पाहा. सायकलची लांबी पावणेदोन मीटरच्या आसपास, दोन सायकलींत दोन मीटर अंतर. दहा जणांची रांग छत्तीस मीटरच्या आसपास होते. तीस जणांची एकशे बारा. बस ताशी चाळीसने आणि सायकली अठराने जात असतील, तर छोटी रांग मागे टाकायला बसला सहा सेकंद लागतात, मोठीला अठरा, आणि यात बसची स्वतःची लांबी धरलेली नाही. दुपदरी रस्त्यावर समोरून काही न येता सहा सेकंद मिळतात. अठरा सेकंद रविवारी सकाळी कुणाला मिळणार? समोरून ट्रक आला की चालक डावीकडे घेतो आणि डावीकडे सायकली असतात. दहाच्या दोन गटांत शंभर-दीडशे मीटरची जागा सोडली, तर बसला मध्ये शिरायला जागा मिळते. प्रत्येक गटाला आपला लीड आणि आपला स्वीप हवा, ही त्याची दुसरी बाजू. तेवढी माणसं नसतील तर राइड लहान ठेवावी.

सुरक्षेच्या नियमांत हेल्मेट सगळ्यांत वर असतं. सायकलवर हेल्मेट घाला, असं कायदा सांगत नाही. गट मात्र सांगतो, आणि ते सोडून घरी परत पाठवणारे गटही आहेत. ते त्यांचं बरोबरच आहे. सायकलच्या हेल्मेटच्या आत थर्मोकोलसारख्या दाट फेसाचा थर असतो. पडल्यावर तो चेपतो आणि डोक्याला बसणारा धक्का स्वतःवर घेतो. एकदा चेपला की त्याचं काम संपलं, बाहेरून धड दिसत असलं तरी. ते कपाळावर, भुवयांच्या वर दोन बोटांवर बसलं पाहिजे आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात एखादं-दुसरं बोट जाईल एवढीच जागा हवी. पुष्कळ जण ते टोपीसारखं मागे सरकवून घालतात. तसं घातलं तर कपाळ उघडं राहतं.

पण गटातली पडझड मुळात कशी होते, हे फार थोडी आमंत्रणं सांगतात. गटात पडणारे बरेचसे लोक गाडीच्या धक्क्याने पडत नाहीत, ते एकमेकांमुळे पडतात. आणि त्यातला नेहमीचा प्रकार एकच. मागच्याचं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला, चार-सहा इंच पुढे सरकलेलं असतं. पुढचा खड्डा चुकवायला जरासा उजवीकडे वळतो. दोन्ही चाकं घासतात. पुढच्याला फार तर थोडा हादरा बसतो, कारण त्याचं मागचं चाक वळवायचं नसतं. मागच्याचं मात्र तोल सांभाळणारंच चाक अडकतं. दोन चाकांवर तोल राखायला हँडल सतत बारीकसं इकडेतिकडे वळत राहावं लागतं. ते वळायचं थांबलं की अर्ध्या सेकंदात माणूस खाली. ज्याची चूक तो पडतो आणि ज्याच्यामुळे घडलं त्याला कळतही नाही. म्हणून नव्या माणसाने एक सायकलभर अंतर ठेवायचं, उताराला त्याच्या दुप्पट, आणि पुढच्याच्या चाकाकडे टक लावून न पाहता त्याच्या खांद्यावरून पुढचा रस्ता पाहायचा. चाकाकडे पाहणाऱ्याला खड्डा दिसतो तेव्हा तो खड्ड्यात असतो.

खड्डा दिसला की हात करायचा. ज्या बाजूला खड्डा, त्या बाजूचा हात खाली, बोट रस्त्याकडे. थांबायचं असेल तर हात खाली आणि तळवा मागे उघडा. डावीकडे उभी गाडी असेल तर डावा हात पाठीमागे नेऊन उजवीकडे झुलवायचा, म्हणजे ‘इकडून या’. या खुणा रांगेत एकाकडून दुसऱ्याकडे जायला हव्यात, कारण पाचव्या माणसाला पहिल्याचा हात दिसत नाही. आणि एक पोटनियम, जो सांगायचा राहून जातो: हात हँडलवरून काढता येत नसेल, तर काढू नका. ‘खड्डा!’ असं ओरडा. ज्याला एका हाताने सरळ चालवता येत नाही त्याने खूण करायला जाऊन खड्ड्यातच शिरण्यापेक्षा आवाज बरा. पुणेकरांना रस्त्यावर ओरडायचं नव्याने शिकवावं लागत नाही.

रस्त्याच्या डावीकडून चालवायचं, पण अगदी कडेला चिकटून नाही. डांबराच्या काठावर खडी, काचा, वाळू आणि फुटलेल्या ट्रकच्या टायरांच्या बारीक तारा साचलेल्या असतात. काठापासून दोन-तीन फूट आत राहिलं की त्या टळतात, शिवाय चुकवायची वेळ आलीच तर दोन्ही बाजूंना जागा उरते. जोडीने गप्पा मारत जाणं मोकळ्या, सरळ रस्त्यावर आणि लीडने सांगितलं तरच. वळणावर, पुलावर, गावात एकापाठोपाठ एक.

दिव्याची ओळ पुण्यात तशी जुनीच. सायकलींचं शहर म्हणून पुणं ओळखलं जायचं तेव्हा अंधारात बिनदिव्याची सायकल आणि डबलसीट या दोन गुन्ह्यांसाठी पोलिस चौकात धरायचे, असं आजची साठी-सत्तरी उलटलेली पिढी हमखास सांगते. आता कुणी धरत नाही आणि त्यामुळे दिवाही कुणी लावत नाही. पण जानेवारीत पुण्याला सूर्य उगवायला सात वाजून जातात. सहाला निघालेला गट पाऊण तास अंधारातच असतो. मागचा लाल दिवा त्या वेळात सगळ्यात कामाचा. शंभरेक रुपयांपासून ते मिळतात. दिवा सीटखालच्या दांड्यावर लावायचा आणि वर अडकवलेल्या जाकिटाने तो झाकला जात नाही ना, ते सायकलपासून दहा पावलं मागे जाऊन पाहायचं. मे-जूनमध्ये सहाच्या सुमाराला उजाडतं, तेव्हा हा प्रश्न उरत नाही. त्या दिवसांत निघायची वेळ मात्र अलीकडे आणावी लागते, कारण आठनंतरचं ऊन.

पावसाळ्यातली राइड हा वेगळा विषय आहे, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. रिमवर दाबणारे रबरी ब्रेक ओले झाले की पहिल्या एक-दोन फेऱ्यांत लागतच नाहीत, आधी पाणी पुसलं जातं आणि मग पकड येते. तेव्हा पावसात अंतर दुप्पट ठेवायचं आणि वळणाच्या आधीच दोन्ही ब्रेक हलके हलके लावून वेग कमी करायचा. वळणात ब्रेक मारला की चाक घसरतं. रस्त्यावरचे रंगवलेले पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं ओल्यात काचेइतकी गुळगुळीत होतात.

आता पंक्चर. ते होणारच, प्रश्न फक्त कुणाचं आणि कुठे. समजा किरकटवाडीच्या पुढे रांगेतल्या सातव्या माणसाचं मागचं चाक बसलं. आधी मागचा भाग वळणावर डुलल्यासारखा होतो, मग रिम रस्त्याला आपटल्याचा आवाज. त्याने एकदम ब्रेक मारायचा नाही. ‘पंक्चर’ असं ओरडायचं, हात वर करायचा, सरळ रेषेत वेग कमी होऊ द्यायचा आणि डांबर सोडून खाली उतरायचं. मागून स्वीप येतो आणि थांबतो. आणखी एक जण मदतीला. उरलेल्या सातांनी रस्त्याच्या कडेला कोंडाळं करून सल्ले देण्यात काही अर्थ नाही. ते पुढच्या ठरलेल्या थांब्यापर्यंत जातात. थांबे आधी ठरलेले असतात ते यासाठीच. या राइडमध्ये पहिला थांबा खडकवासला धरणापाशी, रस्ता सोडून आत.

इकडे चाक काढलं जातं, टायरची एक कड रिमवरून उतरवली जाते, ट्यूब बाहेर येते. घाईत असलेला माणूस लगेच नवी ट्यूब घालतो, हवा भरतो, दोन किलोमीटर जातो आणि पुन्हा बसतो. कारण ज्याने पहिली ट्यूब फोडली तो काटा अजून टायरमध्येच आहे. बोटांना टोचणार नाही अशा बेताने फडकं किंवा हातमोजा टायरच्या आतून सगळीकडे फिरवायचा, तो कुठे अडकतो ते पाहायचं. बाभळीचा काटा दिसतो तरी. ट्रकच्या टायरची तार केसाएवढी बारीक असते, बाहेरून दिसत नाही, आतून बोटाला कळते. ती चिमट्याने किंवा नखाने ओढून काढली की मगच नवी ट्यूब. हात सरावलेला असला तर दहा मिनिटं, नसला तर वीस. धरणापाशी थांबलेल्यांना तेवढ्यात फोटो काढून होतात.

म्हणून ‘जास्तीची ट्यूब’ ही ओळ महत्त्वाची. पंप आणि टायर उतरवायचे प्लॅस्टिकचे चपटे तुकडे स्वीपकडे असतात, पण तुमच्या चाकाच्या मापाची ट्यूब त्याच्याकडे असेलच असं नाही. सव्वीस इंची, साडेसत्तावीस, सातशे सी अशी मापं वेगवेगळी असतात. माप टायरच्या बाजूवर लिहिलेलं असतं, आणि त्याच्याच शेजारी किती हवा भरायची तेही. नव्या माणसाची सगळ्यात मोठी अडचण पायांत नसते, हवेत असते. महिनोन्‌महिने बाल्कनीत उभी असलेली सायकल अर्धीच भरलेली असते आणि तो ताकद लावत राहतो.

दुसरी अडचण सीटची उंची. पाय जमिनीवर पूर्ण टेकावेत म्हणून लोक सीट खाली ठेवतात, मग चाळीस किलोमीटरनंतर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवायची आणि पायडल सगळ्यात खाली न्यायचं. पाय त्या वेळी सरळ झाला तर उंची बरोबर. चालवताना चवडा पायडलवर येतो आणि गुडघा किंचित वाकलेला राहतो. मग थांबताना जमिनीवर एका पायाची बोटंच टेकतात. त्याची सवय घराजवळच्या मैदानात दोन फेऱ्यांत होते.

रस्त्याची निवडही नव्यांकडे पाहूनच केलेली असते. राजाराम पूल ते डोणजे साधारण वीस किलोमीटर, थोडेसे चढउतार सोडले तर गिअर नसलेल्या काळ्या सायकलनेही जमेल असं. खरा घाट डोणजे-गोळेवाडीपासून सुरू होतो. तिथून सिंहगडाच्या वाहनतळापर्यंत नऊ किलोमीटरच्या आसपास सतत चढ आहे, आणि नवखा तो सात-आठच्या वेगाने चढला तर त्याला तासाहून जास्त लागतो. गटातले काही जण तो चढतात, म्हणूनच आमंत्रणात ‘डोणजे’ लिहिलंय की ‘सिंहगड’, ते नीट वाचावं. गडावरच्या पिठलं-भाकरीच्या मोहाने पहिल्याच रविवारी घाटाला लागलेला माणूस चढताना दमतो ते ठीक, पण धोका उतरताना असतो. दमलेले हात, अरुंद वळणं आणि वर येणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या. त्या गाड्या रविवारी सकाळी आठनंतर वाढतच जातात. ‘नऊपर्यंत परत’ ही वेळ घरच्या चहासाठी ठरलेली नाही. खडकवासल्याच्या रस्त्यावर गर्दी भरायच्या आत शहरात शिरायचं, हा तिचा हिशेब आहे. सहाला निघून ताशी सतराने डोणजे सव्वासातपर्यंत, त्यात धरणापाशीची दहा मिनिटं मिळवली तर जवळजवळ साडेसात. अर्ध्या तासात पोहे-मिसळ उरकून आठला परत फिरलं तर नवाच्या पुढेमागे राजाराम पूल. यातलं काही वीस मिनिटांनी लांबलं तरी बिघडत नाही. पहाटे निघतानाच अर्धा तास उशीर झाला तर मात्र परतीचा सगळा रस्ता गाड्यांच्या गर्दीतून. ‘बरोबर ६’ हे शब्द अक्षरशः घ्यावेत.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून जाऊ, असं कुणी आमंत्रण दिलं तर ते नाकारावं. तिथे सायकलला बंदी आहे. लोणावळ्याला जाणारे गट जुन्या महामार्गाने जातात.

आमंत्रणाच्या शेवटी ‘राइड आपापल्या जबाबदारीवर’ असं असतं. ते खरं आहे, आणि बहुतेक गट कसलंही शुल्क न घेणारे हौशी लोकांचे असतात. पण त्यामुळे काही गोष्टी स्वतः करणं भाग पडतं. घरच्या एका माणसाचा नंबर आणि आपला रक्तगट कागदावर लिहून खिशात ठेवणं, कारण पडलेल्याचा फोन कुलूपबंद असतो. रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारणं आणि निघताना स्वीपला सांगणं. अपघात झाला तर महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८.

सगळीच आमंत्रणं पाळली जातात असं नाही. ‘सगळ्यांचं स्वागत’ म्हणणारे आणि पहिल्या उड्डाणपुलानंतर दिसेनासे होणारे गट प्रत्येक शहरात आहेत. ओळखायचे कसे, तर आमंत्रणात काय नाही ते पाहून. वेगाचा आकडा नाही, स्वीप कोण ते नाही, थांबे नाहीत, परतीची वेळ नाही, आणि उद्गारचिन्हं मात्र पाच. अशा ठिकाणी दोनच प्रश्न विचारावेत: सगळ्यात मागे कोण असणार आहे, आणि पहिला थांबा कुठे? दोन्हींची उत्तरं नावानिशी आली तर जावं. ‘या हो, बघू तिकडेच’ असं आलं तर दुसरा गट शोधावा.

आणि ज्यांना जायचं आहे त्यांनी शनिवारी संध्याकाळी तीन कामं करावीत. टायरवर लिहिलेल्या आकड्याइतकी हवा भरावी, ब्रेक दाबून चाक जागच्या जागी अडतं का ते पाहावं, आणि आमंत्रणाला उत्तर पाठवावं: ‘मी येतोय, पहिलीच वेळ आहे, सायकल अमुक.’ हे उत्तर आलं की लीड पहाटे तुम्हाला आपल्या मागची जागा देतो. कळवलं नाही, तर तुम्ही आपसूक शेवटच्या जागी जाल.